आर्गॉनची एन्ट्रॉपी कागदावर: स्थानांतरीय विभाजन फलनापासून १५४.८५ पर्यंत

आर्गॉन वायूचा एक मोल, तापमान २९८.१५ केल्विन आणि दाब १ बार, एवढी माहिती हाती असली की त्या वायूची एन्ट्रॉपी प्रयोगशाळेत न जाता काढता येते. त्यासाठी अणूचे वस्तुमान आणि निसर्गाचे तीन-चार स्थिरांक पुरतात. येणारे उत्तर उष्मागतिकीच्या तक्त्यांत छापलेल्या १५४.८४६ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल या आकड्याशी जुळते. या लेखात ती आकडेमोड पायरी-पायरीने करून दाखवली आहे. वाचकाला आदर्श वायूचे समीकरण, घातांक आणि नैसर्गिक लॉगॅरिदम येतात एवढेच गृहीत धरले आहे. सांख्यिकीय यामिकीतली जी कल्पना लागेल ती जिथे लागेल तिथेच सांगितली आहे.

उदाहरणासाठी आर्गॉन निवडण्याचे कारण असे की त्याचा रेणू म्हणजे एकटा अणू. नायट्रोजनसारख्या दोन अणूंच्या रेणूला फिरणे आणि कंप पावणे हे आणखी दोन प्रकार असतात आणि त्यांची एन्ट्रॉपी वेगळी काढून मिळवावी लागते. एकट्या अणूला यांपैकी काही नसते. उरतात ते अणूतील इलेक्ट्रॉन. आर्गॉनमध्ये त्यांची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था एकच आहे, आणि तिच्या वरची पहिली अवस्था सुमारे ११.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीवर आहे. खोलीच्या तापमानाला kT, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, ही ऊर्जा फक्त ०.०२५७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे त्या उंचीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढी असते. त्यामुळे वरच्या अवस्थेत गेलेला अणू या तापमानाला सापडणार नाही असेच समजावे. आता अणूचे एकच काम राहिले, ते म्हणजे पात्रात इकडून तिकडे जाणे, आणि या हालचालीलाच स्थानांतरीय गती म्हणतात.

लागणारे आकडे

सगळी आकडेमोड एकाच एककपद्धतीत, म्हणजे मीटर, किलोग्रॅम, सेकंद, पास्कल आणि केल्विन यांत करावी. या विषयात नवख्याचे उत्तर चुकते ते बहुतेक वेळा भौतिकीमुळे नव्हे, तर ग्रॅम, लिटर किंवा बार तसेच सूत्रात टाकल्यामुळे. म्हणून सुरुवातीलाच सगळे बदलून घेऊ.

```
k  = 1.380649e-23 J/K
h  = 6.62607e-34 J s
NA = 6.02214e23 /mol
R  = 8.31446 J/(K mol)
T  = 298.15 K
p  = 1 bar = 1.0e5 Pa
M  = 39.948 g/mol = 0.039948 kg/mol
m  = M/NA = 6.6335e-26 kg
kT = 4.1164e-21 J
```

येथे `k` हा बोल्ट्झमन स्थिरांक, `h` हा प्लांकचा स्थिरांक आणि `NA` हा ॲव्होगॅड्रो स्थिरांक आहे. `m` हे एका अणूचे वस्तुमान आहे, एका मोलचे नाही. सूत्रात दोन्ही एकाच अक्षराने लिहिलेली दिसतात आणि तिथे गफलत होते, म्हणून मोलचे वस्तुमान मोठ्या `M` ने लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

एका अणूच्या ऊर्जापातळ्या

बाजू L असलेल्या घनाकृती पात्रात कोंडलेल्या अणूला कोणतीही ऊर्जा चालत नाही. क्वांटम यामिकीनुसार त्याच्या ऊर्जा ठरावीक असतात आणि प्रत्येक दिशेला एक अशा तीन पूर्णांकांवर त्या अवलंबून असतात:

```
E = (h² / 8mL²) · (nx² + ny² + nz²)
nx, ny, nz = 1, 2, 3, ...
```

विभाजन फलन, ज्याला आपण सर्रास पार्टिशन फंक्शन म्हणतो, ते या सगळ्या अवस्थांची एक भारित बेरीज आहे. प्रत्येक अवस्थेला exp(−E/kT) एवढे वजन द्यायचे आणि सगळी वजने मिळवायची. ज्या अवस्थेची ऊर्जा kT च्या मानाने नगण्य आहे तिचे वजन जवळपास १ येते, जिची ऊर्जा kT च्या कितीतरी पट आहे तिचे जवळपास ० येते. त्यामुळे ही बेरीज म्हणजे त्या तापमानाला अणूच्या आवाक्यात ढोबळमानाने किती अवस्था आहेत याची मोजणीच असते. हा अर्थ लक्षात ठेवला की पुढची प्रत्येक पायरी सोपी जाते.

एक लिटरच्या घनाची बाजू १० सेंटिमीटर असते. तेवढ्या पात्रासाठी h²/8mL² चे मूल्य काढले तर ते 8.27e-41 ज्यूल येते, आणि kT त्याच्या सुमारे 5e19 पट भरते. म्हणजे पातळ्या एकमेकींना इतक्या लगटून आहेत की एकेक मोजत बसण्यात अर्थ नाही. बेरजेऐवजी संकलन वापरता येते. एका दिशेसाठी ते असे होते:

```
∫ exp(-a·n²) dn  (0 ते ∞) = ½ √(π/a),   a = h² / (8mL²kT)

q(एका दिशेचे) = L · √(2πmkT) / h = L / Λ
```

संकलन शून्यापासून सुरू होते आणि मूळ बेरीज १ पासून, म्हणून या बदलात अर्ध्याची चूक शिरते, हे खरे आहे. पण १० सेंटिमीटरसाठी L/Λ सुमारे सहाशे पंचवीस कोटी येते, आणि सहाशे पंचवीस कोटींत अर्धा इकडे-तिकडे झाल्याने काहीही बिघडत नाही. तिन्ही दिशांचे गुणाकार केल्यावर मिळते ते आपले स्थानांतरीय विभाजन फलन:

```
q = V / Λ³,   Λ = h / √(2πmkT)
```

शेवटच्या सूत्रात पात्राची बाजू कुठेच दिसत नाही, फक्त आकारमान V दिसते. पात्र घनाकृती घेतले ते गणिताच्या सोयीसाठी. नळकांडे घेतले असते तरी आपल्या तापमानाला हेच सूत्र मिळाले असते.

Λ ची किंमत काढणे

Λ ला औष्णिक तरंगलांबी म्हणतात. तिचे एकक मीटर असते, आणि आकडेमोड बरोबर चालली आहे की नाही हे पाहण्याची पहिली जागा हीच. टप्प्याटप्प्याने:

```
2πmkT    = 6.28319 × 6.6335e-26 × 4.1164e-21 = 1.7157e-45
√(2πmkT) = 4.1421e-23
Λ        = 6.62607e-34 / 4.1421e-23 = 1.5997e-11 m
Λ³       = 4.0936e-33 m³
```

म्हणजे Λ सुमारे १६ पिकोमीटर आली. आर्गॉन अणूचा व्यास साधारण ३४० पिकोमीटर धरतात, तेव्हा खोलीच्या तापमानाला Λ ही अणूच्या आकारापेक्षाही पुष्कळ लहान आहे. येथे नॅनोमीटरच्या पुढचा किंवा 2e-23 सारखा एखादा आकडा आला, तर पुढे जाऊ नये. बहुधा एका अणूऐवजी मोलचे वस्तुमान घातले गेले आहे किंवा वर्गमूळ घ्यायचे राहून गेले आहे. वर्गमूळ विषम घातांकाचे काढताना (येथे −४५) घातांक आधी सम करून घ्यावा, म्हणजे 1.7157e-45 ऐवजी 17.157e-46 लिहावे, हाताने करताना ही काळजी फार उपयोगी पडते.

q आणि त्याहून महत्त्वाचे q/N

एका मोलचे आकारमान आदर्श वायूच्या समीकरणावरून काढू आणि q लिहू:

```
V = RT/p = 8.31446 × 298.15 / 1.0e5 = 0.024790 m³
q = 0.024790 / 4.0936e-33 = 6.056e30
```

हा आकडा प्रचंड आहे, पण एकट्या q ला फारसा अर्थ नाही, कारण पात्र दुप्पट केले की तो दुप्पट होतो. खरी माहिती देतो तो q ला अणूंच्या संख्येने भागून येणारा आकडा:

```
q/N = 6.056e30 / 6.02214e23 = 1.0056e7
```

म्हणजे प्रत्येक अणूमागे सुमारे एक कोटी अवस्था उपलब्ध आहेत. माझ्या मते या संपूर्ण आकडेमोडीत ध्यानात ठेवावा असा आकडा हाच. पुढच्या पायरीत N! ने भागणे योग्य का, हे तो सांगेल. एन्ट्रॉपीच्या सूत्रात तोच बसेल. आणि सूत्र कुठे लागू पडणे थांबते हेही त्याच्यावरूनच कळेल.

त्याला दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. या दाबाला आणि तापमानाला एका अणूच्या वाट्याला kT/p, म्हणजे 4.1164e-26 घनमीटर जागा येते, आणि तिचे घनमूळ ३.४५ नॅनोमीटर आहे. शेजारच्या अणूंमधले सरासरी अंतर एवढे, आणि Λ त्याच्या सुमारे २१६ पटींनी लहान. २१६ चा घन एक कोटीच्या जवळ जातो. q/N म्हणजे याच दोन लांबींच्या गुणोत्तराचा घन होय, म्हणून पात्र किती मोठे आहे याच्याशी त्याचा काही संबंध राहत नाही.

N! ने भागायचे का

आतापर्यंत एका अणूचे झाले. N अणू एकमेकांकडे लक्ष न देता वावरत असतील तर एकूण विभाजन फलन q चा N वा घात असावे, असे प्रथम वाटते. मात्र या मोजणीत पहिला अणू अ अवस्थेत आणि दुसरा ब अवस्थेत, तसेच पहिला ब मध्ये आणि दुसरा अ मध्ये, या दोन वेगळ्या स्थिती धरल्या जातात. आर्गॉनचे अणू एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांच्यावर क्रमांक लिहिलेले नाहीत, म्हणून या दोन स्थिती प्रत्यक्षात एकच आहेत. N अणूंची नावे आपसांत N! प्रकारे बदलता येतात, तेव्हा प्रत्येक स्थिती तितक्या वेळा मोजली गेली आणि बरोबर मोजणीसाठी N! ने भागावे लागते:

```
Q = q^N / N!
```

हा भागाकार तेव्हाच अचूक असतो, जेव्हा दोन अणू एकाच अवस्थेत असण्याचा प्रसंग जवळपास येतच नाही. कारण दोघे एकाच अवस्थेत असतील तर त्यांची अदलाबदल वेगळी मोजली गेलेलीच नसते. येथे एका अणूमागे एक कोटी अवस्था आहेत, त्यामुळे असा प्रसंग दुर्मीळ आहे आणि भागाकार निर्धास्तपणे करता येतो.

N! विसरले तर काय होते हे करून पाहण्यासारखे आहे. तसे केल्यास एन्ट्रॉपी R(ln q + 3/2) येते, म्हणजे सुमारे ६०२ ज्यूल प्रति केल्विन. आकडा चौपट होतो हे तर खरेच, पण खरा दोष त्याहून खोल आहे. सारख्याच दाबाचा आणि तापमानाचा एकेक मोल आर्गॉन दोन शेजारच्या कप्प्यांत ठेवला आणि मधला पडदा काढला, तर घडले असे काहीच नाही. पडदा परत लावला की पूर्वीचीच स्थिती आहे. तरी N! नसलेले सूत्र म्हणते की एन्ट्रॉपी 2R ln 2, म्हणजे ११.५ ज्यूल प्रति केल्विन वाढली. जोसाया विलर्ड गिब्ज यांच्या नावाने ओळखला जाणारा विरोधाभास तो हाच. N! ने भागले की सूत्रात q ऐवजी q/N येते; पडदा काढल्यावर q आणि N दोन्ही दुप्पट होतात, गुणोत्तर तेच राहते आणि ती खोटी वाढ नाहीशी होते.

एन्ट्रॉपी

विभाजन फलनावरून एन्ट्रॉपी काढण्याचे सूत्र S = U/T + k ln Q असे आहे. एकाणू आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा U म्हणजे (3/2)NkT. प्रचंड N साठी ln N! ऐवजी N ln N − N वापरता येते, याला स्टर्लिंगचे सूत्र म्हणतात. दोन्ही घातले की:

```
S = (3/2)Nk + Nk ln q - Nk ln N + Nk
  = Nk [ ln(q/N) + 5/2 ]
```

शेवटच्या 5/2 मधले दोन भाग वेगळे ओळखून ठेवावेत. 3/2 ऊर्जेतून आला आहे आणि उरलेला 1 स्टर्लिंगच्या सूत्रातून. एका मोलसाठी Nk म्हणजे R, म्हणून आता आकडे घालू:

```
ln(1.0056e7) = 16.1236
S = 8.31446 × (16.1236 + 2.5)
  = 8.31446 × 18.6236
  = 154.85 J/(K mol)
```

या सूत्राला साकूर-टेट्रोड समीकरण म्हणतात. ओटो साकूर आणि ह्यूगो टेट्रोड यांनी ते १९१२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडले. टेट्रोड त्या वर्षी अवघ्या १७ वर्षांचा होता. पाऱ्याची वाफ एकाणू असते, म्हणून तिच्या बाष्पदाबाच्या मोजमापांशी त्यांनी हे सूत्र ताडून पाहिले. प्रश्न होता तो सूत्रातल्या h चा. जुन्या उष्मागतिकीला एन्ट्रॉपीतले फरक सांगता येत होते, एन्ट्रॉपीचे शून्यापासूनचे मूल्य सांगता येत नव्हते, कारण अवस्था मोजण्यासाठी लागणारे माप तिच्याजवळ नव्हते. ते माप प्लांकचा स्थिरांक पुरवतो. येथे h ऐवजी h/2π घातला असता तर एन्ट्रॉपी 3R ln 2π, म्हणजे तब्बल ४५.८ ज्यूलने वाढली असती, आणि प्रयोगाने ते खपवून घेतले नसते.

उत्तर चुकले तर कारण कसे शोधावे

लॉगॅरिदममुळे येथे एक सोय झाली आहे. आत कुठे हजारपट चूक झाली तरी उत्तरात ती ठरावीक बेरीज किंवा वजाबाकी म्हणून उतरते, आणि फरकावरून चूक ओळखता येते. म्हणून आपले उत्तर १५४.८५ नसेल तर प्रथम दोहोंतला फरक काढावा.

फरक +८६.२ असेल तर अणूचे वस्तुमान ग्रॅममध्ये राहिले आहे, कारण (3/2)R ln 1000 एवढेच येते. +५७.४ असेल तर आकारमान लिटरमध्ये घेतले आहे; हा R ln 1000 आहे. +९५.७ आला तर दाब पास्कलऐवजी १ बार म्हणून तसाच घातला आहे. उत्तर बरोबर ८.३१ ने कमी असेल तर स्टर्लिंगच्या सूत्रातला तो 1 सुटला आणि 5/2 च्या जागी 3/2 राहिला. सर्वांत फसवा फरक आहे तो −०.११ चा. त्यात चूक अशी काही नसते. दाब १ बारऐवजी १ ॲटमॉस्फिअर, म्हणजे १०१३२५ पास्कल घेतलेला असतो आणि R ln 1.01325 एवढी एन्ट्रॉपी कमी भरते. जुन्या तक्त्यांत आर्गॉनसाठी १५४.७ च्या आसपासचा आकडा दिसतो तो याचमुळे, म्हणून तुलना करण्याआधी तक्ता कोणत्या दाबाचा आहे ते पाहून घ्यावे.

याच युक्तीने दुसऱ्या वायूंचे आकडे पुन्हा सगळी पायरीमाळ न चढता काढता येतात. तापमान आणि दाब तेच ठेवले तर बदलते ते फक्त वस्तुमान, आणि एन्ट्रॉपीत (3/2)R ln(M/39.948) एवढा फरक पडतो. हेलियमसाठी M ४.००२६ आहे, फरक −२८.६९ येतो आणि उत्तर १२६.१५, निऑनसाठी फरक −८.५२ आणि उत्तर १४६.३३. दोन्ही तक्त्यांशी जुळतात. जड अणूची Λ लहान असते, तेवढ्याच जागेत त्याला अधिक अवस्था मिळतात, म्हणून त्याची एन्ट्रॉपी अधिक असते.

हे सूत्र कुठे थांबते

दाब कायम ठेवून तापमान उतरवत गेले तर q/N तापमानाच्या अडीचाव्या घाताने घटते: दीड घात Λ³ मधून आणि एक घात आकारमानातून. कागदावर हे करत राहिल्यास १ बार दाबाला ०.१७ केल्विनजवळ एन्ट्रॉपी शून्य होते आणि त्याखाली ऋण. ऋण एन्ट्रॉपी संभवत नाही. तिथे q/N एकपेक्षाही कमी झालेले असते, म्हणजे अणूंना वेगवेगळ्या अवस्था पुरत नाहीत, आणि ज्या आधारावर आपण N! ने भागले तोच आधार गेलेला असतो. अर्थात आर्गॉन तिथवर वायू राहत नाही. तो ८७ केल्विनलाच द्रवरूप होतो. तेव्हा प्रत्यक्षात आधी आडवे येते ते अणूंमधले आकर्षण, जे आपण पूर्ण वगळले आहे. खोलीच्या तापमानाला आणि १ बारला त्या आकर्षणाने एन्ट्रॉपीत पडणारा फरक शतांश ज्यूलच्या घरातला असतो, आणि तक्त्यांतले आकडेही आदर्श वायूसाठीच दिलेले असतात, म्हणून त्याची दुरुस्ती येथे करावी लागली नाही.

दुसरी मर्यादा इलेक्ट्रॉनांची आहे आणि ती सोडियमच्या एकाणू वाफेवर चांगली दिसते. M २२.९९ घेऊन वरच्याच रीतीने २९८.१५ केल्विन आणि १ बारसाठी आकडा काढला तर १४७.९५ येतो, पण तक्ता १५३.७२ म्हणतो. फरक ५.७६ आहे, आणि ही R ln 2 ची किंमत आहे. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, त्याच्या स्पिनच्या दोन दिशांना सारखीच ऊर्जा असते, म्हणून अणूच्या प्रत्येक स्थानांतरीय अवस्थेमागे दोन इलेक्ट्रॉनी अवस्था येतात आणि q दुप्पट धरावे लागते. कोणत्याही एकाणू वायूचे गणित हाती घेताना म्हणून आधी त्या अणूच्या सर्वांत खालच्या पातळीवर सारख्या ऊर्जेच्या किती अवस्था आहेत ते पाहावे, आणि ती संख्या १ नसेल तर q ला तिने गुणूनच पुढे जावे.